भातलावणीच्या चित्रीकरणातून पाऊस आणि धुके काढताना

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एका खाचरात मी भातलावणीचे चित्रीकरण केले. बांधावर ट्रायपॉड रोवला होता, समोर चार बायका ओळीने वाकून लावणी करत होत्या, त्यांच्यामागे आणखी दोन खाचरे, मग झाडीची रांग आणि तिच्यामागे डोंगराचा उतार होता. चित्रफीत ९० सेकंदांची होती. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. जुडीतून नेमकी किती रोपे सुटी केली जातात, बोटांनी ती चिखलात कशी खोचली जातात आणि पाय मागे कसा घेतला जातो, याची नोंद ठेवणे हा चित्रीकरणाचा हेतू होता. घरी येऊन पाहिले तेव्हा पुढच्या भागावर पावसाच्या रेघा होत्या आणि मागचा उतार पांढुरक्या पडद्याआड गेला होता. हे दोन्ही दोष काढण्यात माझे जवळजवळ दोन आठवडे गेले. त्यातला पहिला आठवडा मी कामाचा क्रम उलटा धरल्यामुळे वाया गेला, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

धुके जास्त त्रासदायक वाटत होते, म्हणून मी डिहेझिंगपासून सुरुवात केली. उतारावरची झाडी दिसू लागली खरी, पण तिच्यावर मूळ चित्रात कधी जाणवल्या नव्हत्या अशा शेकडो बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या. आधी मला वाटले की माझ्या प्रोग्राममध्येच चूक आहे. मग उतारावरच्या एकाच पिक्सेलची किंमत मूळ चित्रफितीतल्या लागोपाठच्या फ्रेममध्ये वाचून पाहिली. ती १७८ च्या आसपास स्थिर होती आणि मधूनच एखाद्या फ्रेमपुरती १८० होत होती. ० ते २५५ च्या पट्टीवर दोनचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण डिहेझिंग म्हणजे तिथला प्रत्येक फरक काही पटींनी ताणणे, आणि त्या ताणण्यात न दिसणारा पाऊस दिसू लागला होता.

पाऊस चित्रात मुळात कसा येतो हे समजून घेतल्यावर पुढची वाट सोपी झाली. कोलंबिया विद्यापीठातील गर्ग आणि नायर यांनी २००४ साली व्हिडिओतला पाऊस ओळखण्याविषयी मांडलेला विचार इथे उपयोगी पडला. पावसाचा थेंब भिंगासारखा काम करतो आणि आपल्या आजूबाजूच्या फार मोठ्या भागातला, आकाशासकटचा उजेड कॅमेऱ्याकडे वळवतो, त्यामुळे तो मागच्या दृश्यापेक्षा बहुधा उजळच असतो. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. १/५० सेकंद शटर उघडे असताना तो १३ सेंटिमीटर खाली येतो, म्हणून थेंब न दिसता रेघ दिसते. पण त्या रेघेवरच्या कोणत्याही एका बिंदूसमोर थेंब असतो तो सेकंदाच्या तीन दशसहस्रांश इतकाच काळ, म्हणजे शटर उघडे असलेल्या वेळेच्या जेमतेम दीड टक्का. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्के वेळात त्याच बिंदूवर मागचे दृश्य नोंदले जाते. त्यामुळे पिक्सेलची किंमत थोडीशीच वाढते, आणि मागचे दृश्य जितके गडद तितकी ती वाढ ठळक असते. माझ्या चित्रफितीत जवळच्या ओल्या झाडीवर ६० ची किंमत रेघेमुळे ६८ ते ७० होत होती, धुक्याआडच्या उतारावर १७८ ची १८०, आणि आकाश परावर्तित करणाऱ्या खाचराच्या पाण्यावर रेघ जवळजवळ दिसतच नव्हती.

शटरविषयीची एक गोष्टही याच हिशेबातून कळली. मी हातांची हालचाल स्पष्ट यावी म्हणून काही दृश्ये १/५०० सेकंदाने घेतली होती. त्यांत थेंब एका बिंदूसमोर असण्याचा काळ तोच राहतो, पण एकूण वेळ दहावा हिस्सा होतो, त्यामुळे रेघा आखूड पण दहापट ठळक येतात. ती दृश्ये मी बाजूला ठेवली. पावसात चित्रीकरण करणाऱ्याला शटर संथ ठेवता आले, तर अर्धा पाऊस कॅमेऱ्यातच विरतो.

थेंब एका पिक्सेलवर सहसा एका फ्रेमपुरताच असतो आणि किंमत वाढवतो, कमी करत नाही, यावरच टेम्पोरल फिल्टरिंग उभे आहे. प्रत्येक पिक्सेलसाठी आधीच्या तीन, चालू आणि पुढच्या तीन अशा सात फ्रेममधल्या किमती घ्यायच्या, चढत्या क्रमाने लावायच्या आणि मधली निवडायची. झाडीवरच्या एका पिक्सेलच्या सलग सात किमती अशा होत्या: ६१, ६०, ६९, ६१, ६८, ६२, ६०. क्रमाने लावल्यावर मधली ६१ येते आणि ६८ व ६९ बाजूला पडतात. सर जोराची आली की मात्र सातपैकी चार फ्रेममध्येही थेंब असू शकतो, आणि मग मधली किंमतच पावसाची असते. त्यावर उपाय म्हणून सर्वांत लहान किंमत घेऊन पाहिली, पण त्यामुळे सेन्सरच्या गोंगाटातल्या खालच्या टोकाच्या किमती निवडल्या जाऊन सगळे चित्र मळकट झाले, शिवाय हलणाऱ्या गडद वस्तू फुगल्या. खालून तिसरी किंमत हा मला मानवलेला मध्यम मार्ग होता.

हे करण्याआधी चित्र स्थिर करावे लागले. ट्रायपॉड असूनही वाऱ्याने कॅमेरा एक-दोन पिक्सेल हलत होता, आणि सात फ्रेम एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत तर झाडांच्या कडा मऊ पडतात. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. लागोपाठच्या दोन फ्रेमची वजाबाकी पडद्यावर पाहावी. बांधाची कड तिच्यात रेषेसारखी उमटली तर कॅमेरा हललेला आहे. स्थिरीकरण मी एफएफएमपेगने केले:

```
ffmpeg -i lavani.mp4 -vf "vidstabdetect=tripod=1:result=lavani.trf" -f null -
ffmpeg -i lavani.mp4 -vf "vidstabtransform=input=lavani.trf:tripod=1" -c:v ffv1 sthir.mkv
```

मधली फाइल ffv1 मध्ये ठेवण्याचे कारण असे की तिच्यात काहीही गमावले जात नाही. प्रत्येक टप्प्यावर पुन्हा एच.२६४ मध्ये दाबत गेले असते, तर शेवटी धुके काढताना त्या दाबण्याचे चौकोन वर आले असते.

एफएफएमपेगमध्येच `tmedian` नावाचा फिल्टर आहे आणि पहिली चाचणी मी त्यानेच घेतली. झाडी, बांध, मागची खाचरे सगळे स्वच्छ झाले. मग बायकांच्या हातांकडे पाहिले आणि काम थांबवले. रोप खोचणारी बोटे एका जागी दोन-तीन फ्रेमच असतात. सात फ्रेमच्या हिशेबात दोन फ्रेमचे बोट आणि दोन फ्रेमचा थेंब यांत फरक उरत नाही. त्यामुळे बोटे तुकड्यातुकड्याने नाहीशी होत होती. मनगट दिसत होते, त्याच्या पुढे चिखल दिसत होता आणि रोप जणू आपोआप उभे राहत होते. ज्यासाठी चित्रीकरण केले तेच पुसले गेले होते.

म्हणून हलणारा माणूस आणि पडणारा थेंब यांच्यात भेद करणारी खूण शोधावी लागली. रंगाची खूण आधी वापरून पाहिली. पावसाने लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही घटक जवळजवळ सारखेच वाढतात, म्हणजे उजेड बदलतो पण रंगछटा फारशी बदलत नाही. उलट लुगड्याचा काठ हलला की छटाही बदलते. लुगड्यांसाठी ही खूण चालली, पण हातांसाठी नाही, कारण चिखलाने माखलेला हात आणि त्यामागचा चिखल यांची छटा एकच असते. शेवटी आकाराची खूण उपयोगी पडली. माझ्या चित्रात रेघांची रुंदी तीन-चार पिक्सेल होती, तर बोटे मिळून हाताचा पंजा ४० पिक्सेलच्या वर होता. मूळ फ्रेम आणि गाळलेली फ्रेम यांतला फरक घ्यायचा, त्यातले सात पिक्सेलपेक्षा अरुंद डाग पुसून टाकायचे, जे रुंद उरतील ते हालचाल समजायचे आणि तिथे मूळ चित्र जसेच्या तसे ठेवायचे:

```
k = np.sort(np.stack(Y[i-3:i+4]), axis=0)[2]
d = Y[i].astype(np.int16) - k
m = (abs(d) > 6).astype(np.uint8)
m = cv2.morphologyEx(m, cv2.MORPH_OPEN, np.ones((7, 7), np.uint8))
m = cv2.dilate(m, np.ones((15, 15), np.uint8))
out = np.where(m == 1, Y[i], k)
```

इथे `Y` म्हणजे फ्रेममधला केवळ उजेडाचा भाग आहे. रंगाच्या भागाला मी हातच लावला नाही, कारण पाऊस तिथे फारसा पोहोचतच नाही. `dilate` ची पायरी हाताभोवती थोडी मोकळी जागा सोडते. ती नसेल तर बोटांची टोके पुन्हा कापली जातात. या पद्धतीत हाताभोवतीच्या पट्ट्यात पाऊस तसाच राहतो, पण तिथे नजर हालचालीवर असल्यामुळे तो खटकत नाही. एक अडचण मात्र उरली होती. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून पडणारा थेंब फोकसबाहेर असल्यामुळे १५-२० पिक्सेल रुंद येतो आणि हालचाल समजला जातो. त्यासाठी एक अट वाढवली: रुंद डाग आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममधल्या डागाला कुठेतरी चिकटून असेल तरच तो हालचाल धरायचा. हात सलग असतो, थेंब एका फ्रेमचा पाहुणा असतो.

खाचरातल्या पाण्याने आणखी वेगळा प्रश्न उभा केला. पाण्यावर पडणाऱ्या थेंबांची वर्तुळे चार-पाच फ्रेम टिकतात आणि पसरत जातात. गाळणीने त्यातली अर्धी पुसली, अर्धी ठेवली, आणि पाणी तेलासारखे जड, निर्जीव दिसू लागले. मी पाण्याच्या भागाभोवती हाताने एक सीमारेषा आखली आणि त्या आत गाळणी बंद केली. पाणी उजळ असल्यामुळे त्याच्यासमोरच्या रेघा तशाही दिसत नव्हत्या, म्हणजे गमावण्यासारखे काही नव्हतेच.

आता धुके. धुक्याचे सूत्र असे लिहितात:

```
I = J * t + A * (1 - t)
```

`I` ही चित्रात नोंदलेली किंमत, `J` ही धुके नसते तर मिळाली असती ती किंमत, `A` हा धुक्याचा स्वतःचा उजेड आणि `t` म्हणजे वस्तूकडून निघालेल्या उजेडापैकी कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेला हिस्सा. अंतर वाढेल तसा `t` झपाट्याने कमी होतो. उतारावरच्या त्या पिक्सेलसाठी `I` १७८ आणि `A` २०५ होता. `t` ०.३ धरला तर `J` ११५ येतो, जो ओल्या झाडीला शोभतो, ०.१ धरला तर उत्तर शून्याच्या खाली जाते. `t` ०.३ असताना प्रत्येक फरक सुमारे सव्वातीन पटींनी वाढतो, म्हणून उतारावरचा दोनचा पाऊस साडेसहाचा होतो, तोही आता गडद झालेल्या झाडीवर. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या रेघांचा उलगडा एवढाच होता, आणि पाऊस आधी व धुके नंतर हा क्रम त्यातूनच ठरतो. डोंगराजवळच्या दूरच्या थेंबांचा भागही इथेच येतो. ते इतके बारीक आणि इतके दाट असतात की त्यांची वेगळी रेघ होत नाही, त्यांचा एकसलग पडदा होतो. सात फ्रेम चाळून तो जात नाही, त्याला धुके समजूनच काढावे लागते.

`t` शोधण्यासाठी मी कायमिंग हे, जियान सुन आणि शाओउ टँग या संशोधकांची २००९ ची डार्क चॅनेल पद्धत वापरली. तिचा आधार असा की आकाश सोडले तर दिवसाच्या बहुतेक दृश्यांत कोणत्याही लहान चौकोनात एखादा तरी पिक्सेल एखाद्या रंगघटकात जवळजवळ काळा असतो. सावली, गडद पान, रंगीत कापड यांपैकी काहीतरी सापडतेच. तो काळा नसेल तर जितका उजळ तितके धुके. १५ बाय १५ च्या चौकोनांनी काढलेला हा अंदाज ठोकळेबाज असतो, म्हणून तो गाइडेड फिल्टरने झाडांच्या कडांशी जुळवून घेतला.

या पद्धतीने पहिल्याच फ्रेममध्ये दोन चुका केल्या आणि त्या दोन्ही गृहीतकातच होत्या. पुढच्या खाचरातले पाणी आकाशामुळे पांढरे होते, त्यात काळे काहीच नव्हते, म्हणून पद्धतीने तिथे दाट धुके आहे असे मानले आणि पाणी शाईसारखे निळसर काळे केले. दोन बायकांनी पाठीवर पांढरे प्लास्टिक घेतले होते, त्याचेही तेच झाले. इरली घेतलेल्या दोघींना काही झाले नाही, कारण इरल्यांच्या पानांमध्ये सावल्या होत्या. उपाय अंतराशी संबंधित होता. कॅमेऱ्यापासून पहिल्या बांधापर्यंतचे अंतर वीस मीटरही नव्हते, तिथे त्या दिवशीचे धुके मोजण्याइतकेही नव्हते. म्हणून त्या बांधाच्या अलीकडे `t` सरळ १ ठेवला आणि तिथून झाडीच्या रांगेपर्यंत हळूहळू पद्धतीच्या उत्तराकडे नेला.

दुसरा दोष चित्र चालवल्यावरच दिसला: उतार धपापत होता. प्रत्येक फ्रेमसाठी `A` आणि `t` वेगळे मोजल्यामुळे `A` कधी २०३, कधी २०८ येत होता आणि सगळा डोंगर त्याबरोबर उजळत-मावळत होता. स्थिर फ्रेम पाहून हे कधीच कळत नाही, त्यामुळे डिहेझिंगचा निकाल एकाच चित्रावरून ठरवू नये असे माझे ठाम मत झाले आहे. कॅमेरा स्थिर होता, याचा इथे फायदा घेता आला. `A` आकाशाच्या एका ठरावीक भागातून, संपूर्ण चित्रफितीसाठी एकदाच काढला. `t` चा नकाशा दर दोन सेकंदांच्या पाऊस काढलेल्या फ्रेमच्या मध्यकावरून काढला आणि मधल्या फ्रेमसाठी दोन नकाशांच्या दरम्यानच्या किमती घेतल्या. धुके उतारावरून सरकत होते, पण दोन सेकंदांत ते फारसे बदलत नव्हते, त्यामुळे त्याची खरी चाल राहिली आणि धपापणे थांबले.

`t` किती खाली जाऊ द्यायचा हे मात्र डोळ्यांनीच ठरवावे लागते. मूळ पद्धतीत ०.१ ही खालची मर्यादा सुचवलेली आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या दाबलेल्या, आठ बिटांच्या चित्रात ०.३ च्या खाली गेले की झाडीऐवजी चौकोनी ठोकळे दिसू लागत. मी ०.३ वर थांबले.

तयार झालेली चित्रफीत घेऊन मी ऑगस्टमध्ये पुन्हा गावात गेले आणि लावणी करणाऱ्यांपैकी एका मावशींना दाखवली. त्यांनी पूर्ण पाहिली आणि विचारले, "बाई, पाऊस कुठं गेला? पाऊसच नाही, तर मग आम्ही ही इरली कशाला घेतलीत?" त्यांचे म्हणणे मला पटले. परत येऊन काढलेल्या पावसातला तीन दशांश भाग पुन्हा घातला. तो धुके काढण्याआधी मिसळला असता तर उतारावर पुन्हा सव्वातीन पटींनी वाढला असता, म्हणून `Y[i]` आणि `out` यांतला फरक वेगळा साठवून ठेवला आणि सगळे टप्पे झाल्यावर शेवटच्या फ्रेममध्ये ०.३ ने गुणून मिळवला. आता झाडीवर हलक्या रेघा दिसतात आणि बोटांची हालचाल अडत नाही.

बावन्नाव्या सेकंदाला काचेवर एक थेंब बसला आणि उजव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत राहिला. जो थेंब जागा सोडत नाही तो कितीही फ्रेम चाळल्या तरी जात नाही, त्यामुळे तिथून पुढचा भाग उजवीकडून कापून घेतला. डोंगराच्या माथ्याजवळ `t` ०.०५ च्याही खाली होता. तिथे ताणायला काही शिल्लकच नव्हते. तो भाग धुक्यात आहे तसा ठेवला आहे. त्या सकाळी बांधावर उभे राहूनही माथा दिसत नव्हता.